सोळा बिटांत किती आज्ञा मावतात?

अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा पीडीपी-११ हा संगणक १९७० साली आला. त्याच्या आज्ञेचा मूळ शब्द १६ बिटांचा. बेरजेच्या आज्ञेला दोन पत्ते लागतात: काय मिळवायचं आणि कशात मिळवायचं. एकेक पत्ता ६ बिटांचा, म्हणजे १२ बिट तिथेच संपले. कोणती आज्ञा आहे हे सांगणाऱ्या ऑपकोडला उरले ४ बिट आणि त्यांतून होतात जेमतेम १६ आज्ञा.

पण सगळ्याच आज्ञांना दोन पत्ते कुठे लागतात? एखादी संख्या एकाने वाढवायला एक पत्ता पुरतो आणि ‘थांब’ म्हणायला तर एकही नको. अशा आज्ञांमध्ये पत्त्यांचे बिट रिकामे राहतात. मग ऑपकोडच त्या जागेत पसरू द्यायचा: दोन पत्त्यांना ४ बिट, एका पत्त्याला १०, बिनपत्त्याच्या आज्ञेला पूर्ण १६.

समजा, दोन पत्त्यांच्या १५ आज्ञा हव्या आहेत. `0000` ते `1110` त्यांना दिले. उरलेला `1111` कुणालाच द्यायचा नाही. तो दिसला की यंत्राने पुढचे ६ बिट पाहायचे. त्या ६ बिटांतून ६४ जागा मिळतात. त्यांतल्या ६३ एका पत्त्याच्या आज्ञांना आणि शेवटची पुन्हा राखीव. तिच्या पुढच्या ६ बिटांत बिनपत्त्याच्या ६४ आज्ञा बसतात.

```
15 x  oooo ssssss dddddd
63 x  1111 oooooo dddddd
64 x  1111 111111 oooooo
```

घोळ होतो तो राखीव जागा वापरून टाकल्यावर. एका पत्त्याच्या ६३ ऐवजी ६४ आज्ञा घेतल्या, तर `1111 111111` ने सुरू होणारा शब्द एक पत्त्याचा की बिनपत्त्याचा, हे यंत्राला कळणारच नाही. मागणी बसते का, हे आराखडा काढण्याआधीच तपासता येतं. १६ बिटांचे एकूण ६५,५३६ नमुने हे आपलं भांडवल. दोन पत्त्यांची एक आज्ञा त्यातले ४,०९६ खाते, एका पत्त्याची ६४ आणि बिनपत्त्याची फक्त १. वरच्या मागणीचा हिशेब बरोबर ६५,५३६ भरतो. तेच १५, ६४ आणि १ मागितल्या तर बेरीज ६५,५३७ होते. एका नमुन्यासाठी का होईना, मागणी फेटाळावी लागते. महाग आज्ञा कोणती, हेही यातून दिसतं. दोन पत्त्यांची एकच आज्ञा सोडली, तर एका पत्त्याच्या ६४ आज्ञा पदरात पडतात.

पीडीपी-११ची खरी वाटणी इतकी रेखीव नव्हती. तिच्यात ठरावीक अंतरावर उडी मारणाऱ्या आज्ञांना ८ बिटांचं अंतर दिलं होतं, त्यामुळे त्यांचा ऑपकोडही ८ बिटांचा. तिथे राखीव जागांपैकी एक होती `0000`, आणि `HALT` म्हणजे सोळाही बिट शून्य. त्यामुळे चुकलेला प्रोग्राम शून्यांनी भरलेल्या मेमरीत शिरला, की यंत्र तिथल्या तिथे थांबत असे.