पोती मोजून द्या

एकशे चाळीस पोती भरली होती आणि ती उचलायला नऊ माणसं उरली होती. आमच्या किनारा सफाईची ही पहिली मोठी मोहीम. सकाळी सातला सव्वीस जण आले, वाळूत वाकून मन लावून कचरा वेचला, साडेआठला सगळ्यांचा एकत्र फोटो झाला आणि फोटोनंतर एकेक जण घड्याळाकडे बघत निघाला. कुणाला मुलांना क्लासला सोडायचं होतं, कुणाकडे पाहुणे येणार होते. ओल्या वाळूसकट भरलेलं एक पोतं सहज पंधरा किलोचं होतं आणि दोघांनी ते रस्त्यापर्यंत नेऊन परत यायला पाच मिनिटं लागतात. नऊ माणसांच्या चार जोड्या. म्हणजे जवळपास तीन तासांचं काम, आणि भरतीचं पाणी तासाभरावर आलेलं. खालच्या रांगेतली पोती शेवटी आमच्या डोळ्यांदेखत तरंगायला लागली.

न येणाऱ्यांचा विचार आम्ही केला होता. येऊन लवकर जाणाऱ्यांचा केला नव्हता. तेव्हापासून आम्ही मोहीम शेवटच्या तासापासून उलट आखतो.

त्या शेवटच्या तासाची वेळ समुद्र ठरवतो. कोकणात जुन्या माणसांना ठाऊक असलेला हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, साधारण त्या वाजता पूर्ण भरती. वद्य पक्षातही प्रतिपदेपासून पुन्हा एकपासूनच मोजायचं. पंचमीला पावणेचारच्या सुमारास भरती, दिवसाही आणि रात्रीही, आणि सहा तासांनी, म्हणजे सकाळी दहाच्या आसपास, पूर्ण ओहोटी. सकाळच्या कामाला याहून चांगला दिवस नाही. सातला सुरुवात करा, पाणी तुमच्यापासून लांबच जात राहतं. द्वादशीला मात्र हाच हिशेब नऊ वाजता भरती सांगतो. हा अंदाज अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून तारीख पक्की करण्याआधी भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक बघावंच. पण चहा पिता पिता कुठला रविवार नको हे ठरवायला पाऊणपट पुरते. २०२५ साली अनंत चतुर्दशीची मिरवणूक संपवून लालबागचा राजा पौर्णिमेच्या सकाळी गिरगावला पोचला. पाऊणपटीने त्या दिवशीची भरती येते सव्वाअकराची. पाणी चढत गेलं, मूर्ती तराफ्यावर घेणं जमेना आणि विसर्जनाला रात्र उजाडली.

यातून आणखी एक गोष्ट निघते. सात दिवसांत भरतीची वेळ सुमारे सहा तासांनी सरकते. म्हणजे या रविवारी सकाळी ओहोटी असेल, तर पुढच्या रविवारी त्याच वेळी भरती. ‘दर रविवारी सकाळी सात’ हा फलक किनाऱ्यावर दर दुसऱ्या आठवड्याला फसतो. एक आड एक रविवार धरा. मधल्या रविवारी भेटायचंच असेल तर नाल्याच्या तोंडाशी किंवा रस्त्यालगत काम काढा.

तारीख ठरली की पहिली भेट कोळीवाड्यात. होड्या कधी लागतात, जाळी कुठे सुकत पडतात, वाळूत गाडलेलं कुठलं जाळं टाकून दिलेलं आणि कुठलं कुणाचं तरी पोटापाण्याचं, हे तिथेच कळतं. दुसरी भेट पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात, घनकचरा विभागात. पत्राची पोच घ्या, पण त्याहून महत्त्वाचा त्या भागाच्या मुकादमाचा फोन नंबर. रविवारी गाडी किती वाजता येऊ शकते हे त्याला माहीत असतं. गाडी सव्वानऊला येणार असेल, तर वेचणं साडेआठला थांबलं पाहिजे.

माणसं कुठून आणायची? व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अंगठ्यांवर जाऊ नका. अंगठा म्हणजे ‘छान उपक्रम’ एवढंच. सोसायटीतल्या एकाला गाठून ‘तुमच्या इमारतीतून पाच जण, आणि तुम्ही त्यांचे प्रमुख’ असं सांगितलं, तर निदान तीन तरी येतात, कारण प्रमुखाला आपल्या चौघांपुढे लाज राखायची असते. महाविद्यालयातली राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं हा दुसरा भरवशाचा गट. त्यांना दोन वर्षांत २४० तासांचं काम दाखवायचं असतं. त्यांच्या प्राध्यापकांना आधी भेटा आणि हजेरीपत्रकावर सही शेवटी करा, सुरुवातीला नव्हे. शुक्रवारी संध्याकाळी प्रत्येक प्रमुखाने आपल्या चौघांना फोन करायचा. ‘येणार ना?’ असं विचारलं की सगळे हो म्हणतात. ‘कशाने येताय, कुणाबरोबर?’ असं विचारलं की खरं काय ते कळतं.

आमच्याकडे साठ नावं असली की आम्ही तिसांची तयारी करतो. सहाशे मीटर किनारा, विजेच्या खांबांच्या खुणेने सहा तुकडे, प्रत्येक तुकड्याला पाच जण. तुकड्यांना क्रम दिलेला असतो. नाल्याच्या तोंडाजवळचा पहिला, सर्वांत स्वच्छ तो सहावा. सव्वासातला माणसं मोजायची आणि पुरतील तेवढेच तुकडे वरून उघडायचे. पंधरा आले तर तीन तुकडे, आणि गाडलेल्या जाळ्याला त्या दिवशी हात नाही. ते उपटून निघत नाही. बाजूने खणून, कोयत्याने कापून काढावं लागतं आणि त्यातच सहा माणसांची सकाळ जाते. गाडीचा फोन, प्रथमोपचाराची पेटी आणि सामानाची किल्ली या तिन्ही कामांना दोन-दोन माणसं नेमलेली असतात. आजारी पडायचा मुहूर्त किल्लीवाल्यालाच सापडतो.

सामानात पातळ काळ्या पिशव्या नकोत. ओल्या वाळूने त्या तळातून फाटतात. किराणा दुकानातली तांदळाची रिकामी पोती उत्तम, आणि तीही दोन तृतीयांशच भरायची, म्हणजे तोंड बांधता येतं आणि धरायला कान उरतो. रबराचा लेप दिलेले हातमोजे, दोन-तीन दाताळी, एखादं घमेलं. फुटकी काच आणि सुया पोत्यात कधीच नाहीत. त्यांच्यासाठी प्रत्येक गटाकडे तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा. दाताळं भरतीरेषेच्या वर चालवायचं नाही. तिथली मर्यादवेल वाळू धरून ठेवते. शिवाय वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी असतात. त्या दिवसांत वनखात्याला आणि स्थानिक कासवमित्रांना विचारल्याशिवाय खणायचं नाही.

आता शेवटच्या तासाचा हिशेब. तीस माणसं आली तरी शेवटपर्यंत सोळाच राहतील असं आम्ही धरतो. म्हणजे आठ जोड्या. एका फेरीला पाच मिनिटं, हाताशी अर्धा तास, तर प्रत्येक जोडी सहा पोती नेईल. एकूण अठ्ठेचाळीस. म्हणून सकाळी अठ्ठेचाळीसच पोती वाटायची, गटागणिक आठ. बाकीचा गठ्ठा गाडीच्या डिकीत कुलपात. साडेआठच्या आत एखाद्या गटाची आठही भरली तर तो आणखी मागायला येतो, हिरमुसतो, समोर कचरा दिसत असताना थांबवताय कशाला म्हणून वादही घालतो. त्याला तेव्हाच भरलेली पोती भरतीरेषेच्या वर नेऊन ठेवायला लावायचं. ती वर पोचली की मगच नवी पोती. आणि साठच्या साठ जण आलेच, तर जास्तीचे पहिल्यापासून वाहणारे. त्यांच्या जोड्या वाढल्या की पोतीही वाढवता येतात.

चहा, वडापाव, हजेरीपत्रक आणि फोटो, चारही रस्त्यावर, गाडी भरून झाल्यावर. गेल्या खेपेला एका काकांनी साडेआठलाच फोटोचा आग्रह धरला. त्यांच्या हातात पोत्याचं एक टोक दिलं, दुसरं मी धरलं.