वडिलांची घड्याळं आणि लिलावगृहाला पत्र

‘वडिलांनी आयुष्यभर जमवलेली दुर्मीळ घड्याळं आहेत, किंमत कळवावी.’ वडील गेल्यानंतर मुलं लिलावगृहाला पत्र लिहायला बसतात, तेव्हा बहुतेक वेळा असंच काहीसं लिहिलं जातं. त्यात माया असते, पण किंमत ठरवणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. तबकडीवर कुठलं नाव आहे, हे फार तर कळतं, आणि नेमकं तेच नाव फसवं असू शकतं. तबकडीवर कित्येकदा घड्याळ विकणाऱ्या दुकानाचं नाव असतं. शिवाय तबकडी बदलता येते, जुन्या रेल्वे कंपनीची अक्षरं त्यावर नंतर रंगवता येतात. घड्याळ खरं कोणाचं आणि कधीचं, हे पेटीच्या मागं आणि आतल्या यंत्राच्या पत्र्यावर असतं. पत्रात तेच उतरायला हवं.

पुण्यातलं एक घर समजा. वडिलांची चौदा घड्याळं आहेत, बहुतेक भिंतीवरची. काही अमेरिकन, काही जर्मन. मुलगी मुंबईच्या लिलावगृहाला लिहिते आहे. पत्र इंग्रजीत गेलं तरी मजकूर असा हवा :

‘स.न.वि.वि. माझे वडील गेल्या वर्षी वारले. त्यांच्या संग्रहातली चौदा घड्याळं आमच्या घरी आहेत. आई, भाऊ आणि मी असे तिघे वारस असून विक्रीला तिघांचीही लेखी संमती आहे. आम्हाला लिलावात अपेक्षित किमतीचा अंदाज हवा आहे. प्रत्येक घड्याळाची माहिती आणि फोटो सोबत जोडले आहेत.

क्रमांक ३ : सेथ थॉमस. भिंतीवरचं, लाकडी पेटी, उंची ६० सें.मी. चावी आठ दिवसांची, तासाला टोले. पेटीच्या मागं शाईनं ८९८१ आणि त्यापुढं बी असा ठसा. यंत्राच्या पत्र्यावर कंपनीचं नाव कोरलेलं. तबकडी कागदी, खालच्या बाजूला डाग. दाराची काच नवी वाटते. लंबक आहे. वर्षभरात चालवलेलं नाही, साफही केलेलं नाही. वडिलांनी १९७९ साली मुंबईच्या चोरबाजारात घेतलं. पावती नाही, त्यांच्या वहीत तारीख आणि किंमत आहे.’

या नोंदीतलं सगळ्यात मोलाचं वाक्य ठशाचं. सेथ थॉमस ही अमेरिकेतल्या कनेक्टिकटची कंपनी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत आणि त्यानंतरही काही काळ ती साल उलटं छापत असे आणि पुढं महिन्याचं अक्षर देत असे. ८९८१ उलटं वाचलं की १८९८, आणि बी म्हणजे फेब्रुवारी. मुलीला हे माहीत नसलं तरी बिघडत नाही. तिनं आकडे जसेच्या तसे उतरवले की पलीकडचा माणूस ते वाचतो. जर्मन युंगहान्सच्या यंत्रावरही असाच ठसा सापडतो : ए किंवा बी आणि दोन आकडे. ए म्हणजे वर्षाचा पूर्वार्ध, बी म्हणजे उत्तरार्ध. बी १२ असेल तर ते यंत्र १९१२ च्या उत्तरार्धातलं.

मात्र सेथ थॉमसचा हा ठसा पेटीवरचा आहे. त्यावरून पेटीचं वय कळतं, यंत्राचं नाही. जुन्या बाजारात एका घड्याळाचं यंत्र दुसऱ्याच्या पेटीत बसवलेलं सर्रास आढळतं. यंत्र बिघडलं, सुटा भाग मिळेना, म्हणून कधीकाळी कुणी दुसरं बसवलं. त्यात फसवण्याचा हेतू असेलच असं नाही. पण किंमत निम्म्याहून खाली येऊ शकते. हे घरीही ओळखता येतं. आतल्या मागच्या फळीवर स्क्रूची रिकामी भोकं दिसतात, किंवा एखाद्या मोठ्या यंत्राची पुसट सावली लाकडावर उमटलेली असते आणि आजचं यंत्र त्याहून लहान असतं. लंबक पेटीच्या तळाला घासतो, किंवा तबकडीतली चावीची भोकं यंत्राच्या दांड्यांशी जुळत नाहीत. असं काही दिसलं तर पत्रात लिहावं आणि त्याचा फोटो जोडावा. तपासणीत ते बाहेर येणारच. आधी सांगितलेलं असेल तर बाकीच्या तेरा घड्याळांबद्दल लिहिलेल्यावर विश्वास बसतो.

फोटोंसाठी घड्याळ भिंतीवरून उतरवावं लागतं. आधी लंबक काढून ठेवावा. लंबक ज्या पातळ पोलादी पट्टीवर लोंबतो, ती पट्टी हलवाहलवीत वाकते किंवा तुटते. समोरून, दार उघडून, बाजूनं, मागून आणि तळाचा असे फोटो उजेडात घ्यावेत. यंत्राचा पत्रा तबकडीच्या आडून दिसत नसेल तर स्वतः काटे उपसू नयेत, जाणत्या घड्याळजीला बोलवावं. आणि पितळ घासू नये, लाकडाला पॉलिश करू नये, तबकडी पुसू नये. घर आवरताना हात आपसूक तिकडं जातो, पण शंभर वर्षांचा रंग एकदा घासून गेला की परत येत नाही आणि ग्राहक नेमकं तेच बघतो.

‘लिलावात अपेक्षित किमतीचा अंदाज’ हे शब्दही मुद्दाम आहेत. विम्यासाठीची किंमत म्हणजे तसंच घड्याळ दुकानातून पुन्हा घ्यायला लागेल तेवढी रक्कम. ती जास्त असते. लिलावाचा अंदाज कमी असतो, दोन आकड्यांमध्ये दिला जातो, आणि फोटोंवरून दिलेला असेल तर प्रत्यक्ष तपासणीनंतर बदलतो. समजा अंदाज वीस ते तीस हजारांचा आला, बोली वीस हजारांवर थांबली आणि लिलावगृहाचं कमिशन पंधरा टक्के आहे. तीन हजार कमिशन आणि त्यावर अठरा टक्के जीएसटीचे ५४० रुपये गेले की हाती १६,४६० उरतात. वाहतूक, फोटो, विमा यांचे पैसे कोण देणार, हे वेगळंच. म्हणून कमिशन किती, राखीव किंमत ठेवता येईल का आणि घड्याळ विकलं गेलं नाही तर काय आकारणी होते, हे पत्रातच विचारावं.

आकडा आला की घरी बहुधा निराशा होते. अमेरिकन आणि जर्मन कारखान्यांनी ही घड्याळं मोठ्या संख्येनं बनवली आणि भारतातही ती भरपूर आली, म्हणून जुनं असलं तरी दुर्मीळ असतंच असं नाही. लिलावगृह चौदातली दोन-तीनच घेईल, हे धरून चालावं.

अशा वेळी परदेशातला भाऊ म्हणतो, मी इकडं नेतो, इथं चांगली किंमत येईल. ते करता येत नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षं पूर्ण झालेली अशी वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. १८९८ चं घड्याळ त्या वयात सरळ बसतं. वयाबद्दल शंका असेल तर ते पुरावशेष नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावा लागतो.

घड्याळं सोपवताना प्रत्येकाची स्थिती लिहिलेली पोच घ्या. आणि वडिलांची वही देऊ नका, तिच्या पानांच्या प्रती द्या. कुठलं घड्याळ कधी, कुठून आलं, याचा तुमच्याकडं असलेला एकमेव पुरावा तीच आहे.