पोटरीतील कळ : फाटलेला स्नायू की साकळलेले रक्त?

बॅडमिंटन, टेनिस किंवा क्रिकेट खेळताना पायाने जमिनीला जोराचा रेटा द्यावा आणि त्याच क्षणी पोटरीत अशी कळ यावी की, मागून कोणी दगड मारला असे वाटून खेळाडूने वळून पाहावे, हा प्रकार खेळाच्या मैदानावर नवा नाही. मागे कोणीच नसते. पाऊल टेकवत नाही, खेळ तिथेच थांबतो. चाळिशीच्या आसपासची आणि आठवड्यातून एकदोनदाच खेळणारी माणसे या दुखण्याला विशेष बळी पडतात. इंग्लंडमधील ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात १८८३ साली याचे वर्णन आले तेव्हा हिरवळीवरील टेनिसचा खेळ तेथे नुकताच रूढ झाला होता. म्हणून त्याला ‘टेनिस लेग’ हे नाव पडले आणि ते आजही चालू आहे.

या दुखण्यात नेमके काय होते, हे पोटरीची रचना पाहिली म्हणजे ध्यानात येते. पोटरीचा वरचा, गुबगुबीत दिसणारा स्नायू गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडापाशी दोन शाखांनी सुरू होतो आणि खाली जाड कंडरेच्या रूपाने टाचेला जोडला जातो. म्हणजे तो गुडघा आणि घोटा असे दोन सांधे ओलांडतो. गुडघा सरळ होतो तेव्हा तो वरून ताणला जातो, पाऊल वर वळते तेव्हा खालून. चेंडूकडे झेपावताना मागच्या पायाच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात आणि त्याच क्षणी तो स्नायू जोराने आकुंचनही पावत असतो. दोन्ही टोकांनी ताणलेली दोरी मध्येच गाठ मारून आवळावी, तसा हा प्रकार आहे. अशा वेळी त्याची आतल्या बाजूची शाखा, जिथे मांसल भाग संपून कंडरा सुरू होते नेमकी तिथे, फाटते. पुष्कळदा ‘टक्’ असा आवाजही येतो. फाटलेल्या जागी रक्तस्राव होतो, सूज येते आणि एकदोन दिवसांत निळसर डाग उमटून तो हळूहळू घोट्याकडे उतरू लागतो.

रक्ताची गुठळी हा व्याधी याहून अगदी निराळा. पोटरीच्या खोल भागात, स्नायूंच्या थरांमध्ये, हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या नीला असतात. हे रक्त वर चढवण्याचे काम पुष्कळसे पोटरीचे स्नायूच करतात. प्रत्येक पावलागणिक ते नीलांना पिळतात व रक्त वर ढकलतात. चालणे बंद पडले की हा पंप थांबतो आणि साचलेले रक्त साकळू लागते. त्यात शिरेला इजा झालेली असली किंवा रक्ताचा गोठण्याकडे कल वाढलेला असला, तर गुठळी होण्यास अधिकच वाव मिळतो. मोठी शस्त्रक्रिया, पायाला घातलेले प्लास्टर, लांबचा बैठा प्रवास, गरोदरपण व बाळंतपणानंतरचे आठवडे, संततिनियमनाच्या काही गोळ्या, कर्करोग आणि पूर्वी एकदा झालेली गुठळी ही त्याची ठळक कारणे होत. पायातली गुठळी पायातच राहिली तर भय मर्यादित असते. परंतु तिचा तुकडा सुटून हृदयमार्गे फुप्फुसात जाऊन अडकला तर जीवावर बेतते.

दोन्ही व्याधींत पोटरीच दुखते, पोटरीच सुजते. उपाय मात्र परस्परविरुद्ध आहेत. गुठळीसाठी रक्त पातळ ठेवणारी औषधे द्यावी लागतात. तीच औषधे फाटलेल्या स्नायूवर कारण नसताना दिली तर आतला रक्तस्राव वाढतो. उलट, गुठळी असताना ‘लचक भरली’ असे समजून पोटरीला तेल लावून चोळणे किंवा घरी नुसते पडून राहणे धोक्याचे ठरते. तेव्हा भेद ओळखणे अगत्याचे आहे.

पहिला भेद आरंभाचा. स्नायू फाटतो तो एका क्षणात. अमुक फटका मारताना, अमुक पाऊल टाकताना दुखले, असे रुग्ण नेमके सांगू शकतो. गुठळीचे दुखणे बहुधा काही तासांत किंवा दिवसांत वाढत जाते आणि ते केव्हा सुरू झाले हे सहसा सांगता येत नाही. दुसरा भेद जागेचा. फाटलेल्या स्नायूत पोटरीच्या आतल्या बाजूला, मध्याच्या आसपास, एका बोटाने दाखवता येईल अशी दुखरी जागा असते. क्वचित तिथे खाचही लागते. टाच उचलून चवड्यावर उभे राहणे अशक्य होते. गुठळीत दुखणे अधिक पसरलेले असते, पाय गरम व जड लागतो, सूज घोट्यापर्यंत येते आणि नडगीवर अंगठा दाबून ठेवला तर खळगा राहतो.

याखेरीज एक तिसरी शक्यता वैद्य प्रथमच तपासून पाहतात, ती म्हणजे टाचेची कंडराच तुटल्याची. रुग्णाला पालथे निजवून, पावले पलंगाबाहेर लोंबती ठेवून पोटरी हाताने दाबली की पाऊल आपोआप खाली वळले पाहिजे. ते हलले नाही तर कंडरा तुटली असे समजून पुढचा उपचार त्या दिशेने होतो.

वरील लक्षणे उपयोगी खरी. पण त्यांच्यावर पूर्ण विसंबता येत नाही. २००२ साली ‘रेडिऑलॉजी’ या नियतकालिकात टेनिस लेगचे निदान झालेल्या १४१ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. ध्वनिलहरींच्या साहाय्याने, म्हणजे सोनोग्राफीने, त्यांच्या पोटऱ्या तपासल्या तेव्हा सुमारे दोनतृतीयांश जणांत आतल्या बाजूचा स्नायू फाटलेला आढळला. परंतु सुमारे एकदशांश जणांत स्नायू शाबूत असून खोल नीलेत गुठळी होती. पाऊल वर वळवताच पोटरी दुखली म्हणजे गुठळी, अशी होमन्स या अमेरिकन शल्यचिकित्सकाच्या नावाने ओळखली जाणारी एक जुनी परीक्षा आहे. तिचा निर्वाळाही येथे कामाचा नाही, कारण फाटलेला स्नायू ताणला की तोही तितकाच दुखतो.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. हे दोन व्याधी नेहमीच ‘हा किंवा तो’ असे नसतात. पहिल्यातून दुसरा उद्भवू शकतो. समजा, इंदूरमधील एका चव्वेचाळीस वर्षांच्या गृहस्थांना रविवारी सकाळी बॅडमिंटन खेळताना वर सांगितल्याप्रमाणे कळ आली. वैद्यांनी तपासून स्नायू फाटल्याचे निदान केले. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर जो उंचवटा हाताला लागतो, त्याच्याखाली १० सेंटिमीटरवर त्यांनी दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजला. निरोगी पायाचा ३६ व दुखऱ्याचा ३७ सेंटिमीटर भरला. बर्फ, दाबपट्टी व विश्रांती यांनी चार दिवसांत दुखणे उतरू लागले. परंतु या गृहस्थांनी विश्रांतीचा अर्थ अंथरुणात पडून राहणे असा केला आणि आठव्या दिवशी एका लग्नासाठी रात्रभर बसमध्ये बसून पुण्यास गेले. दहाव्या दिवशी उतरलेली सूज पुन्हा चढली. पोटरीचा घेर ४० सेंटिमीटर झाला, घोट्याशी खळगा पडू लागला. घरच्यांना वाटले, प्रवासात फाटलेली जागा पुन्हा दुखावली.

वैद्यांना तसे वाटले नाही, कारण हा उलटा क्रम होता. फाटलेल्या स्नायूची सूज पहिल्या काही दिवसांनंतर उतरतीच असली पाहिजे. नवी इजा झाली नसताना ती पुन्हा चढली, आणि दोन पायांच्या घेरात ३ सेंटिमीटरांहून अधिक फरक पडला, तर गुठळीचा संशय घेणे भाग आहे. रक्तातील ‘डी-डायमर’ नावाच्या द्रव्याची तपासणी अशा वेळी निकाल देऊ शकत नाही. हे द्रव्य गोठलेले रक्त विरघळताना तयार होते, आणि स्नायूत साचलेले रक्त विरघळतानाही ते वाढतेच. गुठळीचा संशय मुळातच कमी असेल आणि द्रव्याचे प्रमाणही कमी निघाले, तरच त्यावरून गुठळी नाही असे म्हणता येते. निकाल लावते ती सोनोग्राफी. तपासणीचे यंत्र नीलेवर दाबले की निरोगी नीला चपटी होते. आत गुठळी असेल तर ती दबत नाही. या गृहस्थांच्या गुडघ्यामागची नीला दबली नाही. स्नायूतील रक्तस्राव थांबल्याची खात्री करून त्यांना रक्त न गोठू देणारे औषध तीन महिन्यांसाठी सुरू करण्यात आले. तपासणीत पहिल्या खेपेस काही आढळले नाही आणि संशय मात्र फिटला नाही, तर सुमारे आठवड्याने ती पुन्हा करतात. कारण पोटरीतील लहान गुठळी तेवढ्या अवधीत वर सरकून दिसण्याजोगी होते.

यावरून प्रथमोपचाराची दिशा ठरते. कळ येताच खेळ थांबवावा. पहिले दोनतीन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ दिवसातून तीनचार वेळा पंधरावीस मिनिटे लावावा, लवचिक पट्टी बोटे निळी पडणार नाहीत इतपत बांधावी आणि बसताना पाय उंचावर ठेवावा. या दिवसांत गरम शेक व चोळणे दोन्ही वर्ज्य, कारण त्यांनी रक्तस्राव वाढतो. बुटात टाचेखाली सुमारे एक सेंटिमीटर जाडीची गादी घातली की स्नायूवरील ताण कमी होतो आणि चालणे सुकर होते. तसे थोडे थोडे चालणे, आणि बसल्या जागी पाऊल तासातासाला वरखाली करणे, हे सोसवेल तितके पहिल्या दिवसांपासून चालू ठेवावे. पोटरीचा पंप त्यामुळे सुरू राहतो. किरकोळ इजा दोनतीन आठवड्यांत बरी होते, मोठीस सहा ते आठ आठवडे लागतात. दुखऱ्या एकाच पायावर उभे राहून वीसपंचवीस वेळा टाच उचलता आली, आणि दुखले नाही, तरच पुन्हा मैदानात उतरावे.

पोटरी अमुक क्षणी दुखावली असे सांगता येत नसेल, वर सांगितलेल्या कारणांपैकी एखादे असेल, किंवा उतरलेली सूज पुन्हा चढू लागली, तर त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी. पोटरी दगडासारखी टणक होऊन वेदना तासागणिक वाढू लागल्या आणि पावलाला बधिरता आली, तर फाटलेल्या जागेच्या रक्ताने आतला दाब वाढल्याचे ते चिन्ह असते व तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज पडू शकते. आणि पायाच्या अशा दुखण्यानंतर एकाएकी दम लागला, श्वास घेताना छातीत टोचले, थुंकीतून रक्त पडले किंवा घेरी आली, तर पोटरी विसरून रुग्णाला थेट इस्पितळात न्यावे; गुठळी फुप्फुसात पोहोचल्याची ती लक्षणे असू शकतात.