आवर्ती ठेवीचा हिशेब, हप्त्याच्या तारखेवरून

दरमहा पाच हजारांची आवर्ती ठेव, मुदत एक वर्ष, व्याज सात टक्के. वर्षभरात ६० हजार जमा होणार, म्हणून बरेच जण त्यावर सरळ सात टक्के धरून ४,२०० रुपये व्याज मोजतात. मुदत संपते तेव्हा हाती ६२,३११ रुपये येतात आणि बँकेने निम्मं व्याज गिळल्याचा संशय येतो. बँकेचा यात काही दोष नाही. साठ हजार रुपये वर्षभर बँकेत नव्हतेच. पहिला हप्ता बारा महिने राहिला, शेवटचा जेमतेम एक महिना.

आवर्ती ठेव म्हणजे वेगवेगळ्या दिवशी सुरू होऊन एकाच दिवशी संपणाऱ्या बारा मुदत ठेवी, असं मानलं की हिशेब सोपा होतो. समजा खातं ५ एप्रिल २०२४ रोजी उघडलं आणि मुदत ५ एप्रिल २०२५ रोजी पूर्ण झाली. व्याज तिमाही चक्रवाढीने, म्हणजे वार्षिक सात टक्क्यांचे चार भाग करून दर तिमाहीला पावणेदोन टक्के. पहिल्या हप्त्याला अशा चार तिमाही मिळाल्या, त्याचे ५,३५९ रुपये झाले. ५ मार्चच्या शेवटच्या हप्त्याला एका तिमाहीचाही तिसराच भाग मिळाला, त्याचे झाले ५,०२९. मधले दहा हप्ते या दोन आकड्यांच्या दरम्यान. बाराही आकड्यांची बेरीज ६२,३११.

चक्रवाढीचं कौतुक पुष्कळ होतं, पण एका वर्षात तिचा हात आखडताच असतो. हेच व्याज सरळ व्याजाने मोजलं तर २,२७५ रुपये येतं, चक्रवाढीने २,३११. फरक फक्त छत्तीस रुपयांचा. पाच वर्षांच्या ठेवीत मात्र हाच फरक सहा हजारांच्या पुढे जातो.

वरचा हिशेब प्रत्येक महिना सारखा धरतो. हप्ते प्रत्यक्षात ज्या दिवशी भरले त्या तारखांवरून मोजायचं असेल तर स्प्रेडशीट हाताशी घ्यावी. ‘अ’ स्तंभात, म्हणजे शीटच्या पहिल्या स्तंभात, हप्त्याची तारीख, दुसऱ्यात रक्कम, E1 मध्ये दर (7%) आणि E2 मध्ये मुदत संपण्याची तारीख टाकायची. मग तिसऱ्या स्तंभात हे सूत्र:

```
=B2*(1+$E$1/4)^(4*($E$2-A2)/365)
```

ते खाली ओढलं की प्रत्येक हप्त्याची अखेरची किंमत समोर येते. बाराही हप्ते पाच तारखेलाच भरले असतील तर बेरीज ६२,३०५ च्या आसपास येते, आधीपेक्षा पाचेक रुपये कमी. महिने कधी २८ दिवसांचे, कधी ३१ दिवसांचे, त्याचा हा परिणाम. अपुऱ्या तिमाहीसाठी काही बँका सरळ व्याज लावतात, त्यानेही एखाददुसरा रुपया हलतो. इतक्या फरकासाठी शाखेत जाऊन वाद घालण्यात अर्थ नाही. दर मात्र खातं उघडलं त्या दिवशीचाच घ्यावा. नंतर बँकेने दर वाढवले किंवा घटवले तरी चालू आवर्ती ठेवीला ते लागू होत नाहीत, आणि घरच्या हिशेबातली चूक बहुधा इथेच होते.

आता जुलैचा हप्ता चुकला आणि तो ५ ऑगस्टला, ऑगस्टच्या हप्त्यासोबत भरला असं धरू. शीटमध्ये तारीख बदलली की बेरीज ३१ रुपयांनी घटते. एका महिन्याचं बुडालेलं व्याज ते एवढंच. पण अनेक बँका तारखेप्रमाणे व्याज मोजत बसत नाहीत. त्या हप्ता वेळेवर आला असं धरून पूर्ण रक्कम देतात आणि वर दंड कापतात. दंड शंभर रुपयांमागे महिना दीड रुपया असेल तर पाच हजारांवर ७५ रुपये होतात, म्हणजे बुडालेल्या व्याजाच्या दुपटीहून अधिक. पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत हा दर शंभराला एक रुपया आहे, तिथे हाच उशीर ५० रुपयांना पडेल.

उलट, हप्ता पाचऐवजी पंचवीस तारखेला भरला तर शीट वीस दिवसांचं व्याज कमी दाखवते, पण त्याच महिन्यात भरलेला हप्ता वेळेवरचा मानणारी बँक एक पैसाही कापत नाही. पोस्टात खातं पंधरा तारखेपर्यंत उघडलं असेल तर हप्ता दरमहा पंधरापर्यंत, त्यानंतर उघडलं असेल तर महिनाअखेरपर्यंत चालतो.

म्हणून मुदतीअंती मिळालेली रक्कम शीटशी जुळली नाही तर फरकाचा आकडा बघावा. वरच्या उदाहरणात रक्कम ६२,२३६ च्या जवळ आली असेल तर ७५ रुपये दंड कापलेला आहे. ६२,२७४ च्या जवळ असेल तर बँकेने हप्त्याची खरी तारीख धरली आहे. आणि रक्कम पूर्ण, पण पाच एप्रिलऐवजी मे महिन्यात मिळाली असेल, तर चुकलेल्या महिन्यामुळे मुदतच पुढे ढकललेली असू शकते. खातं उघडताना दिलेल्या अटींच्या कागदावर यातली कोणती पद्धत लागू आहे ते लिहिलेलं असतं.