न्हाणीघरातल्या टाइल्सच्या दरजा का भुगा होतात?

सोलापूरकडे बोअरचे पाणी जड. टाइल्सवर पांढरे थर बसतात आणि ते काढायला घरोघरी ॲसिडची बाटली येते. टाइल्स लखलखीत होतात खऱ्या, पण दोन टाइल्समधल्या दरजेत सिमेंट असते आणि ॲसिड नेमके तेच खाते. दरज खोलगट झाली, नखाने खरवडताच भुगा पडू लागला, की हे ॲसिडचेच काम समजावे.

समजा, नळाखालची दहा फूट दरज अशी झाली आहे. हे काम घरच्या घरी होते. आधी टाइल्सवर रुपयाच्या नाण्याने टकटक करा. पोकळ आवाज आला तर टाइलच सुटली आहे. तिथे गवंडीच हवा. आवाज भरीव असेल तर न्हाणीघर एक-दोन दिवस कोरडे ठेवा. हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याला एका टोकाला चिंधी गुंडाळा, डोळ्यांना चष्मा लावा आणि दरज सुमारे तीन मिलिमीटर खोल उकरून काढा. वरवर लेप दिला तर तो महिनाभरात सुटतो. खिळ्याने मात्र उकरू नका, टाइलचा टवका उडतो. मग ब्रशने भुगा झाडून दरज साध्या पाण्याने धुवा. ती ओलसर असावी, पण पाणी साचलेले नसावे.

एवढ्या दरजेला शंभर ग्रॅम पांढरे सिमेंट भरपूर झाले. त्यात चहाचे सात चमचे पाणी थोडे थोडे घालून घट्ट श्रीखंडासारखे कालवा. पातळ कालवले की वाळताना आकसते आणि तडे जातात. हातात रबरी मोजे घाला. जुन्या स्लीपरच्या तुकड्याने लगदा तिरका दाबत दरजेत ठासून भरा. पंधरा-वीस मिनिटांनी, वरचा थर धरू लागला की, घट्ट पिळलेल्या फडक्याने तिरके पुसून घ्या. सरळ पुसले तर भरलेले बाहेर ओढले जाते.

आपल्याकडे चूक होते ती यापुढे. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात सिमेंट मुरण्याआधीच वाळते आणि पुन्हा भुगा होतो. म्हणून पाच-सहा तासांनी ओले फडके लावा आणि तीन दिवस ते ओले ठेवा. पहिला दिवसभर तिथे आंघोळ नको.

भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात मात्र सिमेंट टिकत नाही. दोन्ही बाजू किंचित हलतात, त्यामुळे तिथे सरळ रेषेत तडा जातो. तिथे दुकानात नळीतून मिळणारे सिलिकॉन भरावे; जागा मात्र अगदी कोरडी हवी.

पुढे ॲसिड बंद करा. आंघोळीनंतर टाइल्सवरचे पाणी वायपरने निपटून काढले, की पाणी तिथे वाळत नाही आणि थरही बसत नाही.