भाड्याच्या बिलात दडलेलं कर्ज

बिलावर चारच आकडे असतात. लीजभाडं 66,429 रुपये, सीजीएसटी 5,978.61, तेवढाच एसजीएसटी आणि एकूण 78,386.22. वर सेवेचा कोड 9973 आणि कोणत्या महिन्याचं भाडं ते लिहिलेलं. व्याज हा शब्द कुठेच नाही, मुद्दल हा शब्दही नाही. तरीही वर्षअखेरीस सीए विचारतात, ‘यातलं व्याज किती?’ आणि हिशेब सांभाळणारी व्यक्ती गोंधळून बिलाकडे पाहत राहते.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एका छोट्या डिझाइन कंपनीला चाळीस लॅपटॉप हवे आहेत. प्रत्येकी 50,000 रुपये, म्हणजे जीएसटी सोडून 20 लाख. कंपनी ते विकत घेत नाही. फायनान्स कंपनी डीलरकडून स्वतःच्या नावावर घेते आणि तीन वर्षांच्या लीजवर देते. दर महिनाअखेरीला वरचं भाडं भरायचं, असे 36 हप्ते आणि शेवटी लॅपटॉप परत.

कागदोपत्री हे भाडंच आहे. पण छत्तीस हप्त्यांची बेरीज 23,91,444 रुपये होते. फायनान्स कंपनीचे 20 लाख पूर्ण वसूल होतात आणि वर 3,91,444 मिळतात. लॅपटॉपचं उपयोगी आयुष्य कंपनी कायद्यानुसार तीनच वर्षं धरलं जातं, म्हणजे वस्तूचा सगळा कस भाडेकरूच वापरून संपवतो. मालकी दुसऱ्याची असली तरी जोखीम आणि फायदा भाडेकरूचा, अशा लीजला ‘फायनान्स लीज’ म्हणतात. लहान कंपन्यांना लागू असलेलं लेखामानक ‘एएस 19’ अशा व्यवहाराच्या नावाकडे न बघता त्याच्या गाभ्याकडे बघतं. त्यामुळे लॅपटॉप घेतले त्याच दिवशी पुस्तकात 20 लाखांची मालमत्ता नावे पडते आणि 20 लाखांचं ‘लीज देणं’ जमेला येतं. (शेअर बाजारात नोंदलेल्या किंवा 250 कोटींहून मोठ्या नक्त मूल्याच्या कंपन्यांना 1 एप्रिल 2019 पासून ‘इंड एएस 116’ लागतं. तिथे बहुतेक सगळ्याच लीज ताळेबंदात येतात.)

आता व्याजाचा दर शोधायचा. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे फायनान्स कंपनीकडून परतफेडीचा तक्ता मागून घेणं. तो मिळाला नाही, तर एक्सेलमध्ये एका ओळीत उत्तर येतं:

```
=RATE(36,-66429,2000000)
```

उत्तर येतं महिन्याला एक टक्का. इथे एक खाचखळगा सांगायलाच हवा. कित्येक करारांत भाडं महिन्याच्या सुरुवातीला घेतात. तसं असेल तर पहिल्या हप्त्यात व्याज नसतंच, कारण पैसे वापरायला एक दिवसही मिळालेला नसतो. तेव्हा सूत्राच्या शेवटी `,0,1` जोडावं लागतं, नाहीतर दर चुकीचा निघतो आणि पुढची छत्तीसही महिन्यांची फोड चुकते.

दर मिळाला की बाकीचं काम सरळ आहे. पहिल्या महिन्यात 20 लाखांवर एक टक्का, म्हणजे 20,000 रुपये व्याज. भाड्यातले उरलेले 46,429 मुद्दलात वळते होतात. देणं उरलं 19,53,571. दुसऱ्या महिन्याचं व्याज त्यावर, 19,536 रुपये, मुद्दल 46,893. भाडं तेवढंच राहतं, पण आत व्याज हळूहळू घटतं आणि मुद्दल वाढत जातं.

नेमकं इथेच अनेक जण सोपा मार्ग धरतात. एकूण व्याज भागिले छत्तीस, म्हणजे महिन्याला 10,873, असं टॅलीत एकदा बसवून टाकतात. पहिल्या वर्षाचं खरं व्याज सुमारे 2,08,300 असतं आणि या पद्धतीने 1,30,500 च्या आसपास दिसतं. म्हणजे नफा जवळजवळ 78 हजारांनी फुगतो आणि ताळेबंदातलं देणं तेवढंच कमी दिसतं. बँक तोच ताळेबंद पाहून कर्जमर्यादा ठरवत असेल, तर ही चूक साधी नाही.

उरला कर. पहिल्या महिन्याच्या व्हाउचरमध्ये लीज देणं 46,429 नावे, व्याजखर्च 20,000 नावे, इनपुट सीजीएसटी आणि इनपुट एसजीएसटी प्रत्येकी 5,978.61 नावे, आणि फायनान्स कंपनी 78,386.22 जमा. जीएसटी खर्चात घालायचा नाही आणि लॅपटॉपच्या किमतीतही मिळवायचा नाही, कारण तो परत मिळणारा पैसा आहे. मात्र बिल जीएसटी पोर्टलच्या 2बी विवरणात दिसलं तरच क्रेडिट घेता येतं. फायनान्स कंपनीने जीएसटी नंबर चुकवला तर ते तिथे उमटत नाही, म्हणून दर महिन्याला पडताळणी हवी.

या जीएसटीत एक गोष्ट दडलेली आहे. लॅपटॉप थेट विकत घेतले असते तर 18 टक्क्यांनी 3,60,000 रुपये कर लागला असता. छत्तीस बिलांवरच्या कराची बेरीज मात्र 4,30,460 होते. जास्तीचे 70,460 म्हणजे बरोबर त्या 3,91,444 व्याजाचे 18 टक्के. साध्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो. पण मालकी न देता वस्तू वापरायला देणं ही जीएसटी कायद्याच्या नजरेत सेवा आहे, म्हणून पूर्ण भाड्यावर कर बसतो. क्रेडिट घेणाऱ्या डिझाइन कंपनीला याची झळ नाही. हेच लॅपटॉप एखाद्या शाळेने किंवा रुग्णालयाने घेतले, तर त्यांची सेवा करमुक्त असल्याने क्रेडिट नाही आणि ते 70 हजार खिशातून जातात. कर्ज की लीज हे ठरवताना अशा संस्थांनी हा आकडा आधी मांडावा.

आयकर खातंही याकडे भाडं म्हणूनच बघतं. लेखामानक लागू झालं त्याच 2001 साली केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून सांगितलं, की या मानकामुळे आयकरातल्या घसाऱ्यात बदल होणार नाही. पुढे 2013 मध्ये ‘आयसीडीएस’ या कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लीजवर दिलेल्या वाहनांचा घसारा फायनान्स कंपनीलाच मान्य केला. म्हणून पुस्तकात पहिल्या वर्षी 6,66,667 घसारा आणि 2,08,300 व्याज असा सुमारे 8,75,000 खर्च दिसतो, पण आयकराच्या हिशेबात ते दोन्ही मिळवून परत 7,97,148 भाडं वजा करावं लागतं. तीन वर्षांची बेरीज दोन्हीकडे सारखीच, 23,91,444. फरक फक्त कोणत्या वर्षी किती, एवढाच.

टीडीएसही साधारणपणे यंत्रसामग्रीच्या भाड्यासारखा दोन टक्क्यांनी कापतात, तोही जीएसटी सोडून पूर्ण भाड्यावर: 1,329 रुपये. अडचण अशी, की हप्ता बँकेतून आपोआप वळता होत असेल तर फायनान्स कंपनी पूर्ण 78,386 ओढून घेते. मग टीडीएस भाडेकरूने वेगळा भरायचा आणि प्रमाणपत्र पाठवून ते 1,329 परत मागायचे. हे मागायचं राहून गेलं तर फायनान्स कंपनीच्या खात्यात दर महिन्याला तेवढीच येणे रक्कम साचत जाते. तीन वर्षांत ती 47 हजारांच्या पुढे जाते.

हिशेब बरोबर आहे का, हे लीज देण्याच्या लेजरवरून कळतं. पहिल्या वर्षाअखेरीस शिल्लक 14,11,000 च्या आसपास हवी, आणि त्यातले पुढच्या बारा महिन्यांत फिटणारे 6,63,500 चालू देण्यांत वेगळे दाखवायला हवेत. छत्तिसाव्या हप्त्यात व्याज फक्त 658 रुपये असतं आणि 65,771 मुद्दल जमा होऊन लेजर शून्यावर येतं. दहा-वीस रुपये उरले तर ती पूर्णांकांची तफावत असते. काही हजार उरले, तर पहिल्या महिन्याच्या व्हाउचरपासून पुन्हा बघायला घ्यावं.