बेडकाची पहिली उडी

० ते २० अशी आडवी संख्यारेषा, सातच्या खुणेवर बसलेला हिरवा बेडूक आणि खाली ७ + ५ = ☐. वीसपर्यंतची बेरीज शिकणाऱ्या पहिलीच्या मुलांसमोर असा कागद नेहमी येतो. बेडकाने सातवरून उजवीकडे पाच उड्या मारायच्या: आठ, नऊ, दहा, अकरा, बारा. मोठ्यांना यात अडण्यासारखं काही दिसत नाही. तरी पत्रिका तपासायला घेतली की कुठे ना कुठे चौकटीत ११ लिहिलेले सापडतातच.

ते मूल काय करतं हे शेजारी बसून पाहावं. ते सातवर बोट ठेवून ‘एक’ म्हणतं, आठवर ‘दोन’, आणि अकरावर ‘पाच’ म्हणून थांबतं. आजवर त्याने चिंचोके मोजले, मणी मोजले. तिथे ज्याला बोट लावलं ते मोजलं गेलं. संख्यारेषेवर मात्र मोजायची असते ती दोन खुणांमधली उडी, आणि ती तर कागदावर छापलेलीच नसते. मूल दिसतं तेच मोजतं. सापशिडी खेळताना सोंगटी उभी आहे त्या घरालाच ‘एक’ म्हणणारी मुलं हेच करत असतात.

ही चूक ओळखायला सोपी आहे. पानावरचं प्रत्येक उत्तर बरोबर एकाने कमी असेल तर मुलाला बेरीज समजलेली आहे, मोजणी फक्त एक खूण आधी सुरू होते आहे. उत्तरं कधी एकाने कमी, कधी दोनाने जास्त असतील तर कारण वेगळं. बहुधा बोट घसरतं किंवा खुणा फार दाटीने छापलेल्या असतात.

उपाय कागदावरच करता येतो. पहिल्या गणितात सातवरून आठवर, आठवरून नववर अशा पाचही कमानी काढून द्याव्यात आणि १ ते ५ हे आकडे कमानींच्या माथ्यावर लिहावेत, खुणांवर नाही. दुसऱ्या गणितात कमानी तुटक रेषेच्या, मुलाने गिरवायच्या. तिसऱ्यापासून त्याने स्वतः काढायच्या. तोंडी नियम एकच: बेडूक बसलाय तिथे गप्प राहायचं, तो जिथे पोचला ते म्हणायचं. रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी या संशोधकांनी अमेरिकेतल्या शाळापूर्व वयाच्या मुलांना १ ते १० घरांचा सरळ पट खेळायला दिला, तेव्हा हीच रीत ठेवली होती. सोंगटी तीनवर असून दोन घरं पुढे जायची असतील, तर ‘चार, पाच’ म्हणायचं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात या मुलांची संख्यांची जाण वाढलेली दिसली; घरांना आकड्यांऐवजी रंग असलेला पट खेळलेल्या मुलांत तशी वाढ दिसली नाही.

पत्रिका घरी करायची असेल तर ए-फोर कागद आडवा धरावा. दोन खुणांत १.२ सेंटिमीटर अंतर ठेवलं की २० उड्यांना २४ सेंटिमीटर लागतात आणि दोन्ही बाजूंना समास उरतो. शून्य वगळू नये. सगळी अंतरं सारखी हवीत, कारण प्रत्येक उडी एकाचीच आहे. बेडूक लहान आणि नेमका खुणेवर बसलेला असावा. लठ्ठ बेडूक सहा-सात-आठ तिन्ही आकडे झाकून बसला तर मुलाने सुरुवात करायची कुठून?

खरी गंमत गाळलेल्या चौकटीत आहे, आणि ती चौकट कुठे येते यावर गणित बदलतं. ९ + ☐ = १३ दिलं की काही मुलं २२ लिहितात: अधिकचं चिन्ह दिसलं, दोन आकडे दिसले, केली बेरीज. बावीस तर रेषेवरच नाही, हे त्यांच्या लक्षात आणून देण्यापासून सुरुवात करावी. मग तेरावर एक कमळाचं पान काढावं. नववरचा बेडूक तिथे किती उड्यांत पोचेल? दहा, अकरा, बारा, तेरा. चार कमानी झाल्या, म्हणून चौकटीत ४.

☐ + ४ = ११ हे त्याहून अवघड, कारण बेडूक बसलाय कुठे हेच माहीत नाही. इथे त्याला अकरावर ठेवून आलेल्या वाटेने चार उड्या मागे न्यावं: दहा, नऊ, आठ, सात. सातवरून पुन्हा पुढे येऊन पडताळाही घ्यावा. म्हणून हा प्रकार पानाच्या शेवटी, एखाद-दुसराच द्यावा. पुढच्या वजाबाकीची तयारी त्यातच होते.

एक-एक उडी पक्की झाली की ८ + ५ घ्यावं आणि बेडकाला दहावर विसावा द्यावा. आठवरून दहापर्यंत दोनाची एक मोठी उडी, पाचातले उरलेले तीन दुसऱ्या उडीत, आणि बेडूक तेरावर. त्यासाठी पाचाचे दोन आणि तीन असे भाग मुलाला चटकन सुचायला हवेत. ते सुचत नसतील तर हे गणित पुढच्या आठवड्याच्या पानावर टाकावं आणि तोवर पाच मणी दोन मुठींत वाटायचा खेळ खेळावा.